एकच स्वेटर, दोन केबल आणि अरुंद झालेली बाही

फोंड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या पावसाळ्यात आयर्लंडमधल्या सुनेसाठी एक स्वेटर विणला. चाळीस वर्षे सरळ सुयांवर पाठ, पोट आणि दोन बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी शिवण घालण्याची तिची रीत होती. या वेळी मात्र गळ्यापासून खाली, गोल, कुठेही शिवण न घालता विणायचे तिने ठरवले होते, कारण सुनेने पाठवलेला नमुनाच तसा होता. या एका स्वेटरमध्ये गोल सुईच्या दोन टोकांना जोडणाऱ्या लवचीक केबलची लांबी आणि त्या टोकांचा पदार्थ या दोन्ही निवडी आधी चुकल्या आणि मग सुधारल्या गेल्या. त्या दोन चुका एकमेकींपासून अगदी वेगळ्या जातीच्या होत्या, म्हणून हे प्रकरण तपशिलाने लिहून ठेवते आहे.

आधी साहित्य सांगते. लोकर मेरिनो होती, मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली, डीके म्हणजे मध्यम जाडीची, पन्नास ग्रॅमच्या दहा गुंड्या. सुई ४ मि.मी.ची. धुऊन वाळवलेल्या नमुना तुकड्यावर १० सें.मी. रुंदीत २२ टाके आणि १० सें.मी. उंचीत ३० फेऱ्या बसत होत्या. हा तुकडा मावशीने गोलच विणला होता, आणि ते योग्यच होते. सपाट विणताना प्रत्येक दुसरी ओळ उलट येते, गोल विणताना सगळ्या फेऱ्या सुलट असतात, आणि बहुतेकांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा थोडा वेगळ्या ताणाने पडतो, त्यामुळे सपाट तुकड्यावरून गोल स्वेटरचे माप काढले की फसगत होते.

सुई मागवण्यापूर्वीच एक अडथळा आला होता. आपल्याकडे जुन्या बायका सुईला नंबराने ओळखतात, आणि त्या पद्धतीत आठ नंबर म्हणजे ४ मि.मी., तर नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन नंबर मात्र उलट चालतात, आणि तिथे आठ नंबर म्हणजे ५ मि.मी. मावशीने सवयीने आठ नंबर सांगून सुई मागवली आणि आली ती ५ मि.मी.ची. ती बदलून घ्यावी लागली. तेव्हापासून नंबर नाही, मिलिमीटरच सांगायचे असे आमच्या घरात ठरले आहे.

बदलून आलेला संच सुट्या टोकांचा होता, म्हणजे धातूची दोन टोके वेगळी, केबल वेगळी, आणि दोन्ही आट्यांनी एकमेकांत बसणारी. मावशीने ८० सें.मी.ची केबल मागवली होती. आल्याबरोबर तिने शिवणाची टेप लावली, केबल छप्पन भरली, आणि तिने मला फोन केला.

"अगो, चोवीस सेंटिमीटर खाल्ले यांनी. परत पाठवू?"

परत पाठवण्याचे कारण नव्हते. गोल सुईची लांबी एका टोकाच्या अणीपासून दुसऱ्या टोकाच्या अणीपर्यंत मोजतात, आणि सुट्या संचांत केबलच्या पाकिटावर बहुधा टोके जोडल्यानंतरची पूर्ण लांबी छापलेली असते. ५६ सें.मी.ची केबल आणि साधारण साडेबारा सेंटिमीटरची दोन टोके मिळून ऐंशीच्या आसपास लांबी होते. काही विक्रेते मात्र नुसत्या केबलचीच लांबी सांगतात, आणि त्यांच्याकडची ८० ची केबल टोके लावल्यावर १०५ सें.मी.ची सुई होते. म्हणून पाकिटावरचा आकडा कशाचा आहे हे विकत घेण्यापूर्वी विचारावे, आणि विचारायला कोणी नसेल तर केबल आणि टोक दोन्हींची सुटी लांबी दिलेली आहे का ते पाहावे.

खरी अडचण गळ्यापाशी आली. नमुन्यात गळ्याला ९६ टाके होते. मावशीने ते घातले, सुईवर पसरवले आणि फेरी जोडायला गेली, तर पहिला टाका आणि शेवटचा टाका एकमेकांपासून वीतभर दूर. ओढून ताणून तिने जोडले तेव्हा टाक्यांमध्ये फटी पडल्या, आणि जोडाजवळ धागा तारेसारखा ताठ झाला. दोन फेऱ्या विणून तिने तो गळा माझ्याकडे धरला तेव्हा कडेला गळ्याची घडण नव्हतीच, नुसती जाळी दिसत होती.

हिशेब साधा आहे. १० सें.मी.त २२ टाके म्हणजे ९६ टाक्यांचा घेर सुमारे ४४ सें.मी. तो ८० सें.मी.च्या सुईभोवती पसरायचा तर प्रत्येक टाक्याला आपल्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट पसरावे लागेल. टाके थोडे ताणतात, पण दुप्पट नाही. उलट दिशेने मात्र बरीच मुभा असते, कारण टाके केबलवर एकमेकांना खेटून दाटीवाटीने बसू शकतात, आणि या जाडीच्या लोकरीत सुईच्या लांबीच्या दुपटीइतका घेर दाबून बसवला तरी विणता येते. तेव्हा गोल विणताना सुईची लांबी कामाच्या घेरापेक्षा कमी हवी, आणि किती कमी चालेल याला बराच वाव आहे. जास्त मात्र अजिबात चालत नाही. सपाट विणताना हा नियम लागूच पडत नाही, कारण तिथे दोन टोके एकमेकांना भेटावी लागत नाहीत.

मग ४० सें.मी.ची सुई आणायची का? ४४ चा गळा ४० वर नीट बसला असता. पण सुट्या संचात ४० सें.मी. करण्यासाठी नेहमीची लांब टोके चालत नाहीत. दोन टोकांचेच २५ सें.मी. झाल्यावर मधल्या १५ सें.मी. केबलला वळायला जागाच उरत नाही, म्हणून त्यासाठी १० सें.मी.च्या आसपासची आखूड टोके घ्यावी लागतात. आखूड टोके मावशीच्या हातात बसत नाहीत, तिची बोटे टोकाच्या मागच्या भागाला टेकून चालतात, आणि आखूड टोकांवर तासभर विणले की तिचा अंगठा दुखतो. हे पुस्तकी कारण नाही, पण खरेदी ठरवताना ते मी पहिल्या क्रमांकावर धरले.

उपाय तिच्या हातात आधीच होता. ८० ची केबल मऊ असेल तर जादाची केबल टाक्यांच्या मधून फासासारखी बाहेर ओढून ठेवता येते आणि लहान घेरही त्याच सुईवर विणता येतो. विणणाऱ्या बायका याला मॅजिक लूप म्हणतात. टाके दोन भागांत वाटायचे, अर्धे डाव्या टोकावर, अर्धे मागे केबलवर, उजवे टोक मोकळे ओढून घ्यायचे, पुढचे अर्धे विणायचे, काम फिरवायचे, आणि पुन्हा तेच. ४० ची सुई न घेता गळा याच रीतीने विणायचा असे आम्ही ठरवले. केबल नवी असल्यामुळे पाकिटातल्या वेटोळ्याची आठवण धरून बसली होती आणि फास सारखा उलटा पिळत होता. एका पातेल्यात गरम पाणी घेऊन केबल मिनिटभर बुडवली, बाहेर काढून हातांनी सरळ ताणून धरली, आणि ती पुष्कळ नरम झाली.

आता पुढची वाढ. गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या रेषांनी बाह्या जोडणाऱ्या रॅगलन घाटात चार रेषांवर प्रत्येकी दोन, म्हणजे एका वाढीच्या फेरीला आठ टाके वाढतात, आणि वाढ एक फेरी सोडून होते. अकरा वाढींनंतर ९६ चे १८४ टाके झाले, घेर सुमारे ८४ सें.मी., म्हणजे ८० च्या सुईपेक्षा जरा मोठा. तिथे फास सोडून देऊन नेहमीसारखे गोल विणता आले. मधली ६० ची केबल लागलीच नाही. संचांत ६० ची केबल हमखास दिलेली असते आणि मोठ्या माणसांच्या स्वेटरमध्ये तिचा उपयोग सर्वांत कमी होतो, असे माझे मत आहे. लहान मुलांच्या स्वेटरच्या अंगाला मात्र ती नेमकी बसते.

तीस वाढींनंतर ३३६ टाके झाले, म्हणजे घेर सुमारे १५३ सें.मी. आणि फेऱ्या साठ, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत २० सें.मी. ८० च्या सुईवर हा घेर अगदी कोंबून बसला असता. चालले असते, पण अडचण टाके सरकवण्यात येते. दाटीत केबलवरून टोकावर टाके चढवताना प्रत्येक वेळी डाव्या अंगठ्याने रेटावे लागते, आणि केबल जिथे टोकाला जोडलेली असते तिथल्या उंचवट्यावर टाके अडतात. २८० टाक्यांच्या पुढे मावशीला हे जाणवू लागले तेव्हा केबल काढून १०० ची लावली. टोके तीच राहिली, फक्त मधली केबल बदलली, आणि याला पाच मिनिटे लागली. सुट्या संचाची खरी किंमत इथे वसूल होते.

काखेपाशी टाके वाटले गेले. पुढे ९२, मागे ९२, प्रत्येक बाहीला ७६ टाके, आणि प्रत्येक काखेत नवे १० घातले. अंगाला २०४ टाके झाले, म्हणजे सुमारे ९३ सें.मी., आणि सुनेच्या छातीच्या मापाला पाच सेंटिमीटर सैल. बाहीला ८६ टाके, म्हणजे ३९ सें.मी. इथे लोकर पुरेल की नाही याची धास्ती होती, म्हणून मावशीने शहाणपणा केला आणि अंग थोडे विणून ते तसेच ठेवून आधी बाह्या घेतल्या. बाह्या झाल्यावर उरलेल्या लोकरीत अंग जितके लांब होईल तितके करता येते. अंगाचे २०४ टाके १०० च्या केबलवरच राहू दिले. टोके काढून केबलच्या दोन्ही बाजूंना संचात येणारी छोटी टोपणे लावली की टाके जागच्या जागी थांबतात, आणि काढलेली टोके ८० च्या केबलला लावून बाहीसाठी मोकळी होतात.

या टप्प्यावर दुसरी चूक झाली, आणि ती केबलची नव्हती.

बाही ३९ सें.मी.च्या घेराची, त्यामुळे पुन्हा मॅजिक लूप. जुलै महिना, फोंड्यात पावसाची संततधार, आणि बोटांना सतत ओल. ही लोकर मुळातच निसरडी असते, कारण मशीनमध्ये धुतल्यावर ती आटू नये म्हणून तंतूवरचे खवले एक तर काढून टाकलेले असतात किंवा त्यांवर पातळ थर चढवलेला असतो. साध्या लोकरीचे खवले एकमेकांना आणि सुईला पकडतात, ही लोकर पकडत नाही. धातूचे टोकही गुळगुळीत. गळ्यापाशी मॅजिक लूप करताना टाके थोडे आणि काम हलके होते. बाहीच्या वेळी मात्र खाली सगळा वरचा भाग लोंबत होता. त्यामुळे उजवे टोक ओढून काढताना डाव्या टोकावर वाट पाहणारे टाके अणीवरून घसरायचे. दोनदा चार-चार टाके निसटले आणि खाली उसवत गेले. तिसऱ्यांदा मावशीने सुई खाली ठेवली आणि पुढच्या आठवड्यात म्हापशाच्या बाजाराला गेली तेव्हा एका दुकानातून ८० सें.मी.ची अखंड बांबूची गोल सुई घेऊन आली, तीही ४ मि.मी.चीच. बांबूवर टाके घसरत नाहीत हे तिने ऐकले होते, आणि ते खरेही आहे.

बाहीचे बारा सेंटिमीटर झाल्यावर तिने मला दाखवले. टाके सुटलेले नव्हते, विणही देखणी होती. तरीही काखेच्या खाली एक रेघ दिसत होती, जणू तिथे स्वेटर जरा आवळला आहे. हात फिरवला तर वरचा भाग मऊ आणि बाही थोडी ताठ. मोजपट्टी लावली, तर १० सें.मी.त साडेतेवीस टाके. ८६ टाक्यांना साडेतेवीसने भागले की घेर ३६.६ सें.मी. येतो. ठरलेल्या ३९ मधून जवळजवळ अडीच सेंटिमीटर गेले. सुनेचा दंड ३३ सें.मी. आहे, आत कपडा घालून त्यावर स्वेटर घालायचा म्हणून ठेवलेली सहा सेंटिमीटरची मोकळीक साडेतीनवर आली होती.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये, कारण संशयित तीन होते. पहिला, बांबूची सुई खरोखर ४ मि.मी.ची नसेल. दुसरा, मॅजिक लूपमुळे वीण घट्ट झाली असेल. तिसरा, टोकाचा पदार्थच कारण असेल. पहिला संशय भोकांच्या पट्टीने फिटला: सुई ४ च्या भोकातून गेली, ३.७५ च्या भोकात अडली, म्हणजे जाडी बरोबर होती. दुसऱ्यासाठी मावशीने त्याच बाहीवर, त्याच मॅजिक लूपने, पुढचे पाच सेंटिमीटर धातूच्या टोकांनी विणले. निसटणारे टाके सांभाळत, कटकट करत, पण विणले. तिथे १० सें.मी.त साडेबावीस आले. म्हणजे मॅजिक लूपचा वाटा अर्धा टाका, आणि उरलेला एक टाका बांबूचा.

टोकाच्या पदार्थाने असे का होते, हे मावशीचे हात जवळून पाहिल्याशिवाय मला कळले नव्हते. सुईचे टोक अणीकडे निमुळते असते, आणि ४ मि.मी.ची जाडी त्या निमुळत्या भागाच्या मागे सुरू होते. टाक्याचे माप ठरते ते तो या पूर्ण जाडीच्या भागावर जाऊन बसतो तेव्हा. धातूवर नवा टाका आपोआप मागे सरकतो आणि पूर्ण जाडीवर गोल होतो. बांबूवर तो सरकत नाही, आणि ओल्या हवेत तर बांबूची पकड आणखी वाढते. टाके रेटायला नकोत म्हणून मावशी नकळत अणीच्या जवळ विणू लागली होती, तिचे टाके निमुळत्या भागावरच तयार होत होते, आणि वर ती प्रत्येक टाक्यानंतर धागा जरासा ओढून घेत होती. पूर्ण जाडीपेक्षा बारीक भागावर आवळलेला टाका लहान होणारच. हे मावशीच्या हाताचे निदान आहे, प्रत्येकीच्या हाताचे नाही. सैल हाताने विणणाऱ्या बाईला धातूवर टाके फार मोठे होऊन बांबूवर नेमके येतील, आणि काहींना दोन्हींवर फरकच पडणार नाही. फरक पडतो की नाही हे तुकड्यावरच कळते. तो तुकडा ज्या टोकांनी विणला त्याच टोकांनी सगळा कपडा विणायचा, एवढे पथ्य मात्र सर्वांना लागू आहे. एका कपड्यात केबल घेराप्रमाणे कितीदाही बदलावी, टाक्याच्या मापाला त्याचा धक्का लागत नाही. टोक बदलले की माप बदलू शकते.

बाही उसवली. पण मूळ तक्रार उरलीच होती, धातूवर टाके निसटत होते. इथे कोणी म्हणेल की संपूर्ण स्वेटर बांबूवर करायला हवा होता. सुरुवातीलाच तुकडा बांबूवर विणून तसे ठरवले असते तर ते बरोबर झाले असते, पण आता वरचा वीस सेंटिमीटरचा भाग धातूवर झालेला होता.

उपाय निघाला तो टाका कुठल्या सुईवर तयार होतो या प्रश्नातून. नवा टाका उजव्या टोकावर तयार होतो. डावे टोक फक्त जुन्या टाक्यांना वाट पाहत धरून ठेवते. गोल विणताना, मॅजिक लूपमध्येसुद्धा, काम नेहमी एकाच दिशेने जाते, त्यामुळे उजवे टोक उजवेच राहते आणि डावे डावेच. मग उजवीकडे धातूचे आणि डावीकडे लाकडाचे टोक लावले तर टाक्याचे माप धातूचे राहील आणि वाट पाहणारे टाके लाकडावर धरले जातील. आणलेली बांबूची सुई अखंड असल्यामुळे इथे उपयोगी नव्हती, म्हणून त्याच संचाच्या आट्यांत बसणारी लाकडी टोकांची ४ मि.मी.ची एक जोडी मागवली आणि तिच्यातले एकच टोक वापरले. हे लाकूड पातळ थर चिकटवून, वरून चकाकी देऊन केलेले असते. पकडीत ते धातू आणि बांबू यांच्या मधले.

बाही पुन्हा सुरू झाली. दहा सेंटिमीटरवर मोजले तेव्हा बावीसच्या वर चौथाई टाका इतका फरक होता, आणि तो धुण्यात जाईल असा मी अंदाज केला, जो पुढे खरा ठरला. टाके निसटले नाहीत. टोक कोणते कुठे, हे मावशी दोनदा विसरली आणि काम उलट्या हातांनी उचलले, तेव्हा लाकडी टोकाच्या मागच्या बाजूला मी लाल दोऱ्याची गाठ मारून दिली.

उरलेल्या दोन त्रासांचा उल्लेख करायला हवा, कारण मॅजिक लूप करणाऱ्या कोणालाही ते येतातच. पहिला म्हणजे शिडी. दोन भाग जिथे भेटतात तिथे दोन टाक्यांमधला धागा सैल राहतो आणि फेरीमागून फेरी त्या जागी उभी फट पडत जाते. मावशी तिथला पहिला टाका जोरात आवळत होती, त्याचा उपयोग होत नाही. दुसरा टाका आवळला तर पहिल्याची सैल आत खेचली जाते. त्यातूनही उरली तर दर तीन-चार फेऱ्यांनी वाटणीची जागा दोन टाक्यांनी पुढे सरकवावी, म्हणजे फट एका रेषेत येत नाही. दुसरा त्रास आट्यांचा. फास ओढताना टोकाला नकळत पीळ बसतो, आट्या हळूहळू सैल होतात, आणि फट एवढीशी जरी झाली तरी लोकरीचा एखादा तंतू त्यात अडकतो. टाका सरकायला नाखूश दिसला की लोकरीला दोष देण्याआधी बोटाने आट्या तपासाव्यात. संचात येणारी छोटी पिन केबलच्या भोकात घालून, टोक रबराच्या तुकड्याने धरून आवळले की बरेच दिवस टिकते. नुसत्या हाताने आवळलेले मावशीच्या कामात रोज सुटत होते.

चवथीच्या आधी स्वेटर संपला. साडेनऊ गुंड्या लागल्या.

त्यानंतर तिने बाळासाठी सुती दुलई घेतली, ९० सें.मी. चौरस, १० सें.मी.त २० टाक्यांच्या हिशेबाने १८० टाके. ही सपाट विणायची असल्यामुळे ८० वरही बसली असती, कारण ९० सें.मी.चे काम ८० वर दाटीने मावते. तरी मी १०० ची केबल लावायला सांगितली, आणि कारण टाक्यांच्या जागेचे नसून वजनाचे होते. सुती दुलई पूर्ण होईपर्यंत अर्ध्या किलोच्या घरात जाते. सरळ सुईवर ते सगळे वजन मनगटावर आणि कोपरावर येते, गोल सुईवर ते केबलमधून मांडीवर विसावते, आणि केबल लांब असेल तर ते जास्त नीट पसरते.

इथे मावशीने बांबूची सुई पुन्हा बाहेर काढली, कारण सुताला बांबू चांगला असे कोणीतरी तिला सांगितले होते. ते अर्धेच खरे आहे. चकचकीत, मर्सराइज्ड सुताला, रेशमाला किंवा बांबूच्या तंतूपासून केलेल्या धाग्याला बांबूची पकड उपकारक असते, कारण ते धागे स्वतः निसरडे असतात. तिच्याकडचे सूत साधे, बिनचकाकीचे होते. त्याला लोकरीसारखा लवचीकपणा नाही, टाका सुईला आवळला की पुन्हा सैल होत नाही, आणि ऑगस्टच्या ओलसर हवेत ओलसर बोटांनी ते बांबूवर चिकटून राहिले. सहा सेंटिमीटर विणेपर्यंत तिचा डावा अंगठा सुजला. अणीही फार टोकदार नको होती, कारण या सुताचे पदर सैल वळलेले होते आणि बारीक अणी त्यांच्या मधे घुसून टाक्याचे दोन तुकडे करत होती.

ते सहा सेंटिमीटर उसवून तिने धातूच्या दोन्ही टोकांनी पुन्हा सुरुवात केली. बाहीसाठी केलेली एक लाकडी, एक धातूची जोडणी इथे चालणार नव्हती, कारण सपाट विणताना प्रत्येक ओळीनंतर काम उलटते आणि काल डावे असलेले टोक आज उजवे होते. एक ओळ धातूवर आणि एक लाकडावर तयार झाली असती आणि दुलईवर आडव्या पट्ट्या दिसल्या असत्या. तिच्या धातूच्या टोकांवरचा निकेलचा मुलामा घामाने एका जागी मंदावला आहे आणि खालचे पितळ डोकावू लागले आहे, म्हणून पुढची जोडी स्टेनलेस स्टीलची घ्यायची असे आम्ही ठरवले आहे. ती आल्यावर आधी पुन्हा एक तुकडा विणावा लागणार, हे ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे दुलई संपेपर्यंत थांबूया गो," आणि ते बरोबरच आहे.